ग्राहक कायद्याच्या क्विझमध्ये नेमका कोणता आकडा धरायचा?

प्रश्न: मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. बिझनेस लॉच्या क्विझमध्ये ग्राहक संरक्षण कायद्यावर हमखास पाच-सहा प्रश्न असतात. जिल्हा आयोगाची मर्यादा एका पुस्तकात २० लाख आहे, दुसऱ्यात १ कोटी आणि सरांच्या नोट्समध्ये ५० लाख. केस देऊन ‘तक्रार कुठे चालेल’ असं विचारलं की माझं उत्तर दर वेळी चुकतं. पाठ करण्याऐवजी हे समजून कसं घ्यायचं?

उत्तर:

तिन्ही आकडे कधी ना कधी कायद्यात होते, त्यामुळे पुस्तकं खोटी नाहीत, जुनी आहेत. आज लागू असलेला आकडा ५० लाखांचा आहे. पण तेवढं पाठ करून केसचा प्रश्न सुटणार नाही. मी जिल्हा आयोगासमोर वकिली करतो आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हाच भाग शिकवतो. मुलांचं उत्तर बहुतेक वेळा ५० लाख लक्षात नसल्यामुळे चुकत नाही. ते ५० लाख *कशाचे* मोजायचे हे माहीत नसल्यामुळे चुकतं. केसमध्ये तीन-चार रकमा दिलेल्या असतात आणि विद्यार्थी सगळ्यात मोठी रक्कम उचलतो.

आधी आकड्यांचा इतिहास थोडक्यात. १९८६ च्या कायद्यात शेवटी शेवटी जिल्हा मंचाची मर्यादा २० लाख होती, राज्य आयोगाची १ कोटी आणि त्यावरची प्रकरणं राष्ट्रीय आयोगाकडे जात. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात जिल्ह्याला १ कोटीपर्यंत, राज्याला १० कोटीपर्यंत आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी रचना होती. मात्र नियमांद्वारे हे आकडे बदलण्याची मुभा त्याच कायद्याने केंद्र सरकारला दिली होती. ती वापरून डिसेंबर २०२१ मध्ये नियम आले आणि मर्यादा खाली आल्या. आता जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत आणि २ कोटींच्या वर राष्ट्रीय आयोग. बरोबर ५० लाख असतील तर तक्रार जिल्ह्यातच चालते, कारण शब्द ‘५० लाखांपेक्षा जास्त नाही’ असे आहेत. क्विझ काढणाऱ्यांना हा काठावरचा आकडा फार आवडतो.

कायद्याचं छापील पुस्तक उघडलं तर कलम ३४ मध्ये आजही १ कोटीच दिसतं, कारण नियम वेगळे छापले जातात. गोंधळाचं मूळ हेच आहे. प्रश्नात ‘अधिनियमाच्या मूळ तरतुदीनुसार’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर १ कोटी लिहा, नाहीतर ५० लाख. आणि प्रश्नात ‘जिल्हा मंच’ हा शब्द दिसला तर तो प्रश्न बहुधा जुन्या कायद्याच्या काळातला आहे. नव्या कायद्यात मंच उरलेला नाही, तिन्ही पातळ्यांवर आयोग आहेत.

आता मुद्द्यावर येऊ. एक केस घेऊन ती शेवटपर्यंत नेतो. केस मी रचलेली आहे, पण अशी प्रकरणं आयोगात नेहमी येतात.

सोलापुरातल्या एक ताई घरच्या एका खोलीत ब्लाउज आणि साड्यांवर एम्ब्रॉयडरी करतात. त्यांनी सुरतच्या डीलरकडून एक कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन ६,८०,००० रुपयांना घेतलं. पूर्ण रक्कम दिली. १० मार्च २०२३ ला मशीन बसवलं, वॉरंटी एक वर्षाची. मशीन त्या स्वतः चालवतात, धागे बदलायला आणि कापड ताणून फ्रेममध्ये लावायला एक मुलगी मदतीला आहे. एप्रिलपासूनच सुया तुटायला लागल्या, डिझाइन सरकायला लागलं. टेक्निशियन येऊन गेले, दुरुस्ती टिकली नाही. १८ ऑगस्ट २०२३ ला डीलरने ई-मेल केला की दोष वापरण्याच्या पद्धतीत आहे, यापुढे आम्ही काही करणार नाही. ताईंनी जानेवारी २०२५ मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. २० जून २०२५ ला त्यांनी तक्रार दाखल केली. मागणी अशी: मशीनचे ६,८०,०००, बुडालेल्या उत्पन्नाचे १२,००,०००, मानसिक त्रासाचे २,५०,००० आणि खर्चाचे २०,०००. एकूण २१,५०,०००. बिलाच्या तळाशी छापलं आहे, ‘सर्व वाद सुरत न्यायक्षेत्राच्या अधीन.’

क्विझमध्ये याखाली चार पर्याय येतात. ताई ग्राहकच नाहीत. तक्रार सुरतच्या जिल्हा आयोगातच करावी लागेल. सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येईल. राज्य आयोगात करावी लागेल. उत्तर तिसरं आहे. पण प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकतो हे सांगता आलं, तर केस थोडी फिरवून विचारली तरी तुम्ही अडणार नाही.

पहिला प्रश्न नेहमी हाच: तक्रारदार ग्राहक आहे का? याचं उत्तर नकारार्थी आलं तर पुढचे आकडे बघायचं कारणच उरत नाही. कायदा म्हणतो की पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नाही. ताई तर कमाईसाठीच मशीन घेतायत, म्हणून विद्यार्थी पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. पण त्याच व्याख्येच्या खाली एक स्पष्टीकरण आहे. केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरली, तर तो व्यावसायिक हेतू धरला जात नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणांनी समजावलं. रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. रिक्षा किंवा लेथ मशीन घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्या हातून चालवून घेणारा ग्राहक नाही. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून ग्राहकपण जात नाही, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे मशीनवर हात कोणाचा आहे आणि त्या कमाईवर कोणाचं पोट आहे, हे बघायचं. ताईंच्या बाबतीत दोन्हीचं उत्तर ताईच.

आता केस फिरवा. ताईंनी अशी सहा मशीन घेऊन गाळ्यात कारखाना टाकला, आठ कामगार ठेवले आणि स्वतः फक्त ऑर्डरी बघतात असं लिहिलं असेल, तर पहिला पर्याय बरोबर ठरतो. किंमत आणि शहर तेच राहूनही उत्तर उलटतं. म्हणून केस वाचताना ‘स्वतः’, ‘कामगार’, ‘शाखा’, ‘नफा’ असे शब्द येतात त्या ओळी सावकाश वाचा. पेपर काढणारा तिथेच उत्तर ठेवतो.

याची उलटी बाजूही विचारतात. खरेदीदार मोठी संस्था असली म्हणजे ती ग्राहक नाही, असंही नसतं. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने आपल्या परिचारिकांना राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रस्टला ग्राहक मानलं. परिचारिकांना निवारा देणं आणि रुग्णालयाचा नफा यांचा थेट, जवळचा संबंध नाही, हे त्यामागचं कारण. खरेदी करणारा कोण आहे यापेक्षा त्या खरेदीमागचा मुख्य हेतू काय, हे न्यायालयाने तपासलं. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना मी हा निकाल आवर्जून वाचायला सांगतो. कंपनीत गेल्यावर खरेदी विभागाची अशी प्रकरणं त्यांच्याच टेबलावर येतात.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तुमचा खरा अडथळा इथे आहे. जुन्या कायद्यात वस्तूची किंमत *आणि* मागितलेली भरपाई यांची बेरीज धरली जायची. त्या हिशेबाने ताईंचे साडेएकवीस लाख होतात, २० लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. नव्या कायद्यात बेरीज नाही. वस्तू किंवा सेवेसाठी *मोबदला म्हणून दिलेली रक्कम* तेवढीच बघायची. ताईंनी दिले ६,८०,०००. भरपाई त्यांनी २१ लाख मागितली काय किंवा दोन कोटी मागितली काय, आयोग ठरतो तो ६.८ लाखांवरून. म्हणून जिल्हा आयोग. चौथा पर्याय ज्याने निवडला, त्याने जुन्या कायद्याचा हिशेब केला.

हा बदल साधा वाटतो, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. विम्याचं उदाहरण घ्या. एखाद्या कारखानदाराचा आगीचा दावा १० कोटींचा आहे आणि विमा कंपनीने तो नाकारला. त्याने मोबदला काय दिला? हप्ता. तो ४ लाखांचा असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. राष्ट्रीय आयोगाने ऑगस्ट २०२० मध्येच एका विम्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं की विमा रक्कम किंवा दाव्याची रक्कम नव्हे, तर भरलेला हप्ता बघायचा. क्विझमध्ये विम्याची केस आली की ‘दावा’ आणि ‘हप्ता’ हे दोन्ही आकडे मुद्दाम शेजारी शेजारी दिलेले असतात.

हे अन्यायाचं आहे का, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो आणि तो योग्यच आहे. गाडीला आग लागून मृत्यू झाल्याच्या एका प्रकरणात कुटुंबाला ५० कोटींच्या वर भरपाई मागायची होती, पण गाडीच्या किमतीमुळे जिल्हा आयोगात जावं लागत होतं. जुन्या हिशेबाने ते थेट राष्ट्रीय आयोगात गेले असते. या तरतुदीच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान दिलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. भरपाईचा आकडा तक्रारदार स्वतःच्या मनाने लिहितो, दिलेला मोबदला मात्र ठोस असतो, म्हणून त्यावरून आयोग ठरवणं मनमानी नाही, असा त्यातला विचार आहे. शिवाय मागण्याच्या रकमेवर किंवा मंजूर करण्याच्या रकमेवर याने बंधन येत नाही. जिल्हा आयोग ५० लाखांपेक्षा जास्त भरपाईही देऊ शकतो. ‘जिल्हा आयोग जास्तीत जास्त किती भरपाई देऊ शकतो’ असा प्रश्न आणि खाली ५० लाखांचा पर्याय दिसला, तर सावध राहा. ती मर्यादा भरपाईची नाही, मोबदल्याची आहे.

दाखल करण्याची फीसुद्धा मोबदल्यावरूनच ठरते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. म्हणजे ताईंना २०० रुपये भरायचे आहेत. वकील देणं सक्तीचं नाही. आधी नोटीस पाठवणंही कायद्याने सक्तीचं नाही, तो व्यवहारातला चांगला पायंडा आहे इतकंच.

तिसरा प्रश्न जागेचा. जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथेच जावं लागे. २०१९ च्या कायद्याने त्यात भर घातली: तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करून कमावतो तिथेही तक्रार करता येते. ऑनलाइन खरेदीच्या काळात हा बदल मला या कायद्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ताई सोलापुरात राहतात, सोलापुरात तक्रार करतील. बिलावर छापलेली सुरतची ओळ कायद्याने दिलेला हा पर्याय काढून घेत नाही. करारात लवादाचं कलम असलं तरी तेच. ग्राहकाला आयोगात जाण्यापासून ते रोखत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात कायम केलं.

चौथा प्रश्न मुदतीचा आणि इथे क्विझपेक्षा प्रत्यक्षात जास्त माणसं फसतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ताईंसाठी दोन तारखा शक्य आहेत. मशीन बसवल्याची तारीख धरली तर मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. डीलरने हात झटकले ती तारीख धरली तर १८ ऑगस्ट २०२५ पर्यंत वेळ आहे आणि २० जूनची तक्रार मुदतीत येते. वॉरंटीत दुरुस्तीचे प्रयत्न चालू होते आणि नकार ऑगस्टमध्ये आला, म्हणून माझ्या मते दुसरी तारीख योग्य आहे. क्विझमध्ये तीच लिहा. पण प्रत्यक्षात मी अशा तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्जही जोडतो, कारण समोरचा वकील पहिली तारीख धरूनच भांडणार हे ठरलेलं असतं. कारण पटलं तर ते नोंदवून आयोग उशीर माफ करू शकतो.

यातला नेहमीचा सापळा जानेवारी २०२५ च्या नोटिशीचा आहे. ‘नोटीस पाठवली तेव्हापासून दोन वर्षं’ असा पर्याय हमखास असतो आणि तो चूक आहे. नोटीस, स्मरणपत्रं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केलेली तक्रार, यांपैकी कशानेही मुदत नव्याने सुरू होत नाही. हेल्पलाइन उपयोगी आहे, पुष्कळ प्रकरणं कंपनीशी बोलून तिथेच मिटतात. पण ती आयोगाची पहिली पायरी नाही आणि तिथे वाट बघत बसलं तर दोन वर्षं निघून जातात.

तक्रार दाखल झाल्यावर काय होतं, ते तारखांनिशी पाहू. दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारणपणे २१ दिवसांत ठरवायचं. न ठरवल्यास ती दाखल झाली असं धरलं जातं. म्हणजे ११ जुलै. त्यानंतर २१ दिवसांत समोरच्या पक्षाला तक्रारीची प्रत पाठवायची. समजा डीलरला ती १ ऑगस्टला मिळाली. लेखी म्हणणं देण्यासाठी त्याला ३० दिवस, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. आयोग जास्तीत जास्त आणखी १५ दिवस देऊ शकतो, म्हणजे १५ सप्टेंबर. त्यापुढे एक दिवसही नाही. ‘आयोगाला न्यायाच्या हितासाठी आणखी वेळ देता येतो’ हा पर्याय आकर्षक वाटतो, पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात हा दरवाजा बंद केला. तो निकाल जुन्या कायद्याच्या कलमावर होता, पण नव्या कायद्यात शब्दरचना तीच असल्याने आजही तोच लागू होतो. त्याच निकालात दुसराही भाग आहे, जो नोट्समध्ये सहसा नसतो. हे दिवस नोटीस *तक्रारीच्या प्रतीसह* मिळाल्यापासून मोजायचे. नुसती नोटीस आली आणि कागद आले नाहीत, तर घड्याळ सुरू होत नाही.

निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. क्विझमध्ये हेच लिहा. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि ‘शक्यतो’ या अर्थाची शब्दरचना असल्याने उशिरामुळे प्रकरण बाद होत नाही.

तपासणीवर थोडं थांबतो, कारण मशीनची प्रकरणं इथे हरली जातात. दोष नुसता बघून ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवू शकतो. डीलर म्हणतो वापर चुकला, ताई म्हणतात मशीन सदोष आहे. तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर आयोगासमोर काय उरतं? टेक्निशियनची जॉबशीट. आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘मशीन समाधानकारक चालू स्थितीत मिळाले’, खाली ग्राहकाची सही. टेक्निशियन निघायच्या घाईत असतो, ग्राहक न वाचता सही करतो. प्रत्येक भेटीनंतर अशी सही असेल तर दोष सतत होता हे सांगणारं काय शिल्लक राहिलं? सही करताना वर एक ओळ लिहावी: ‘तासभर चालवून पाहिले, डिझाइन अजून सरकते.’ त्या एका ओळीने प्रकरणाचं वजन बदलतं. तुम्ही उद्या कंपनीच्या सेवा विभागात गेलात तर हे उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. आयोग सगळ्यात आधी तुमच्या जॉबशीटच वाचणार आहे.

बुडालेल्या उत्पन्नाचे १२ लाखही असेच. मागता येतात, मिळतात पुराव्याइतकेच. परत गेलेल्या ऑर्डरी, बँकेचं खातं, आधीच्या वर्षाचा हिशेब यांपैकी काही नसेल तर आयोग त्या रकमेचा लहानसा भाग मंजूर करतो किंवा ती पूर्ण नाकारतो.

मध्यस्थीवरही प्रश्न येतात. तडजोडीची शक्यता दिसली तर आयोग दोन्ही पक्षांना पाच दिवसांत लेखी संमती मागू शकतो. संमती दोघांचीही लागते. आयोग मध्यस्थी लादू शकत नाही.

एक संस्था मात्र आयोगांपासून वेगळी ओळखा: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. ही नव्या कायद्याने आणली. ती एकट्या ताईंचे पैसे परत मिळवून देत नाही. एकाच जातीचा त्रास अनेकांना होत असेल, दिशाभूल करणारी जाहिरात असेल, धोकादायक वस्तू बाजारात असेल, तर ती कारवाई करते. अशा जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकते. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही जाहिराती करण्यास आधी एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी घालू शकते. इथेही ५० लाखांचा आकडा आला, आणि विद्यार्थी तो जिल्हा आयोगाच्या ५० लाखांत मिसळतात. केसमध्ये एका व्यक्तीला स्वतःची भरपाई हवी असेल तर आयोग, सगळ्या ग्राहकांसाठी जाहिरात थांबवायची असेल तर प्राधिकरण.

शेवटी अपील. समजा सोलापूरच्या आयोगाने मशीनचे ६,८०,०००, त्रासाचे ६०,००० आणि खर्चाचे १०,००० असे एकूण ७,५०,००० रुपये देण्याचा आदेश केला. डीलरला राज्य आयोगात अपील करायला आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवस आहेत. राज्य आयोगाच्या आदेशाविरुद्ध राष्ट्रीय आयोगात आणि राष्ट्रीय आयोगाच्या मूळ आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला मात्र ३० दिवस. जुन्या कायद्यात सगळीकडे ३० होते, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांत ४५ दिसत नाहीत. आणि अपील दाखल करून घ्यायच्या आधी आदेशातल्या रकमेच्या निम्मे, म्हणजे ३,७५,००० रुपये, डीलरला जमा करावे लागतात. जुन्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा २५,००० यांपैकी जे कमी ते भरलं की चालायचं, म्हणून कंपन्या अपील सहज करत. आता निम्मे पैसे अडकतात, म्हणून अपील करण्याआधी ताईंशी तडजोड करायची का याचा डीलर खरोखर विचार करतो. अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. शिवाय एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुमच्या पुढच्या क्विझसाठी एवढं करा: केस वाचताना प्रत्येक रकमेखाली पेन्सिलीने ‘दिलेली’ किंवा ‘मागितलेली’ असं लिहा आणि मागितलेल्या रकमा आयोग ठरवताना सोडून द्या. उत्तरपत्रिकेत २० लाख किंवा १ कोटी बरोबर धरलं असेल तर सरांना डिसेंबर २०२१ च्या नियमांची प्रत दाखवा. ग्राहक व्यवहार विभागाच्या संकेतस्थळावर ती मिळते.